Q4 2025 म्हणजे नक्की कुठले तीन महिने?

प्रश्न: "फायनान्सला मेल करताना मी Q4 2025 लिहिते तर कोणी जानेवारी-मार्च धरतं, कोणी ऑक्टोबर-डिसेंबर. आमच्याकडे FY25, FY 2025-26, 25-26 असं सगळंच चालतं. नक्की बरोबर काय? आणि Q4चे असं जोडून लिहायचं का सुटं?"

बरोबर-चूक नंतर बघू, आधी हे बघा की तुमच्या त्या दोन शब्दांचे दोन नाही, तीन अर्थ निघतात. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या ऑफिसात कॅलेंडरवाला माणूस ते ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 असं वाचणार. ज्याला वर्ष संपतं त्या सालाने ओळखायची सवय आहे तो जानेवारी ते मार्च 2025 वाचणार, कारण त्याच्या लेखी 2025 म्हणजे मार्च 2025 मध्ये संपलेलं वर्ष. आणि ज्याला वर्ष सुरू होतं ते साल धरायची सवय आहे तो थेट जानेवारी ते मार्च 2026 वर जाणार. दुसऱ्या आणि शेवटच्या अर्थात अख्खं एक वर्ष फरक पडतो आणि गंमत म्हणजे दोघंही म्हणणार चौथीच तिमाही, मग शंका तरी कोणाला येणार?

हा घोळ सगळ्यात जास्त चौथ्या तिमाहीत होतो कारण एप्रिल-मार्च वर्षात तेवढीच एक तिमाही पुढच्या सालात पडते. पहिल्या तीन तिमाहींत निदान सुरुवातीचं साल आणि महिन्याचं साल एकच असतं.

FY25 चं दुखणंही हेच. दोन आकडे सुरुवातीचे का शेवटचे, हे त्या लेबलात कुठेच लिहिलेलं नाही, ते फक्त तुमच्या ऑफिसच्या सवयीत आहे. बऱ्याच कंपन्यांत FY25 म्हणजे मार्च 2025 ला संपलेलं वर्ष. अमेरिकेचं केंद्र सरकारही शेवटचंच साल धरतं, पण त्यांचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे त्यांचं 2025 हे 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025. उलट जपानमध्ये वर्ष आपल्यासारखंच एप्रिल-मार्च पण नाव सुरुवातीच्या सालाचं, 2025 चं वर्ष म्हणजे एप्रिल 2025 ते मार्च 2026. त्यामुळे परदेशी ऑफिसातून आलेला FY25 डोळे झाकून आपल्या रिपोर्टात उचलू नका.

म्हणून माझं मत, एकच साल कधीच लिहायचं नाही, दोन्ही लिहायची आणि मेलमध्ये पहिल्यांदा उल्लेख येतो तिथे महिनेही लिहायचे. असं:

```
FY2025-26 Q4 (जानेवारी ते मार्च 2026)
```

खाली मेलभर मग नुसतं FY2025-26 Q4 चालतं. आधी वर्ष आणि मग तिमाही का, तर हेच लेबल अटॅचमेंटच्या नावात गेलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात, Q4 आधी लिहिलं तर सगळ्या वर्षांचे Q4 एका जागी गोळा होतात. 2025/26 असं तिरक्या रेघेनेही लिहितात लोक, पण विंडोज फाइलच्या नावात ती रेघ घेतच नाही, मग कोणीतरी फाइलला तिसरंच काहीतरी नाव देतं. आणि 2025-2026 चूक नाही पण त्यात दोन कॅलेंडर वर्षं असंही वाचता येतं, त्यापेक्षा 2025-26 ला आता आर्थिक वर्षाचाच वास येतो. तरी त्याच्यापुढे FY लावाच.

अनेक वर्षांचा पट्टा असेल तर जपून. 2023-26 म्हणजे काय? बहुतेक लोक तीन आर्थिक वर्षं समजतील, एप्रिल 2023 ते मार्च 2026, पण ज्याला शेवटचं साल म्हणजे FY26 वाटतं आणि सुरुवातीचं FY23 वाटतं तो चार वर्षांचा डेटा काढून बसतो. FY2023-24 ते FY2025-26, दोन्ही धरून, असं लिहा. मधे 'ते' च हवा, तिथेही आडवी रेघ मारली की रेघांच्या गर्दीत काही कळत नाही.

पण तिमाही चोख लिहूनही मेल गंडतो तो दुसऱ्याच कारणाने, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. समजा एका सल्लागाराने फेब्रुवारी-मार्च 2026 मध्ये काम केलं, बिलावर तारीख 8 एप्रिल, पैसे गेले 20 मे ला. तुम्ही लिहिलंत, FY2025-26 Q4 चं बिल सोबत जोडलंय. आता हे बिल Q4 चं आहे का? काम Q4 चं, बिल पुढच्या वर्षाच्या Q1 चं, पेमेंटही Q1 चं. फायनान्सला खर्च ज्या काळातला त्या काळात टाकायचा असतो, म्हणून मार्च अखेरीला ते अशा कामाचा खर्च आधीच नोंदवून ठेवतात, त्यालाच प्रोव्हिजन म्हणतात. तुम्ही नुसतं Q4 म्हणालात आणि त्यांनी बिलाची तारीख बघितली, तर एक तर ते परत विचारणार किंवा हा खर्च FY2026-27 मध्ये टाकणार. आणि प्रोव्हिजन आधीच केलेली असेल, ती उलटवली नाही, तर तोच खर्च दोन वर्षांत दोनदा दिसणार. म्हणून असं लिहा:

```
कामाचा काळ: 1 फेब्रु ते 31 मार्च 2026 (FY2025-26 Q4)
बिलाची तारीख: 8 एप्रिल 2026
पेमेंट: 20 मे 2026
```

तीन ओळी, पण फोन येत नाही. महिना अक्षरातच लिहा हं, 08/04 हे अमेरिकेतला माणूस 4 ऑगस्ट वाचतो. आणि नुसतं 'मार्चपर्यंत' लिहू नका, 1 मार्च का 31 मार्च यावर लोक भांडू शकतात, '31 मार्च धरून' म्हटलं की विषय संपला. 'गेल्या तिमाहीत' हे तर टाळाच, मेल जुना झाला की किंवा पुढे कोणाला फॉरवर्ड झाला की त्याचा अर्थच सरकतो.

FY2025-26 पर्यंतच्या उत्पन्नाच्या टॅक्सच्या मेलमध्ये अजून एक सापळा, असेसमेंट इयर. ते आर्थिक वर्षाच्या पुढचं, म्हणजे FY2024-25 च्या उत्पन्नाचं AY2025-26. 2025-26 एवढंच लिहिलं तर दोन्ही वाटतं, म्हणून FY किंवा AY सोडायचंच नाही.

जोडून का सुटं, तर मराठीत प्रत्यय जोडूनच लिहितात, पण इथे मी नियम बाजूला ठेवून सुटं लिहिते, Q4 चे, FY2025-26 मध्ये. लेबल तसंच्या तसं राहिलं की कॉपी करून शीटमध्ये टाकताना शेवटी चिकटलेला 'चे' सोबत जात नाही. नियमवाल्यांना हे खटकेल, खटकू दे.

आणि तुमच्या फायनान्सवाल्यांनी FY26 च ठरवलं असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांचंच वापरा, फक्त कंसात महिने ठेवा. एक्सेलमध्ये मात्र FY न लावता जुनी वर्षं टाकताना जपा: 2025-26 टाइप केलं तर तसंच राहतं, पण 2011-12 टाकलं की ते त्याला डिसेंबर 2011 समजून तारीख करून टाकतं, कारण 12 हा महिना असू शकतो आणि 26 नाही.