‘उच्चीचा गुरू’ आणि ‘सहावा गुरू’

प्रश्न : भाचीच्या पत्रिकेत 4 लिहिलेल्या घरात ‘गु’ आहे. परभणीची आत्या म्हणते, "गुरू उच्चीचा हाय, पोरगी नशीब काढणार." गुरुजी म्हणाले, "गुरू सहावा पडला." मग तो चौथा की सहावा? आणि कुणाचं धरायचं?

दोघंही बरोबर बोलताहेत. बोलताना आपण राशीलाही ‘घर’ म्हणतो आणि स्थानालाही, तिथं घोटाळा होतो. कुंडलीत छापलेला आकडा राशीचा असतो. 4 म्हणजे कर्क, आणि कर्केत गुरू उच्चीचा. स्थान लिहिलेलं नसतं, ते मोजायचं. वरच्या मधल्या चौकोनात लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, असतं. तिथून डावीकडे उतरत मोजा : 11, 12, 1, 2, 3, 4. भाचीचं कुंभ लग्न, म्हणून कर्क सहावी येते.

राशीवरून गुरूचा स्वभाव बघतात, स्थानावरून तो आयुष्यात कुठं भेटणार ते. कर्क ही चंद्राची, मायेची रास. असं माणूस धाकानं शिकत नाही, जीव लावणाऱ्या शिक्षकापाशी शिकतं, आणि त्याची समजही दुसऱ्याचं दुखणं ओळखणारी असते. सहावं स्थान रोग, ऋण, रिपू आणि नोकरीचं. म्हणजे हिचा गुरू शाळेपेक्षा कामाच्या जागी, दवाखान्यात नाहीतर कोर्टकचेरीत भेटायचा. नशीबही घबाडासारखं येत नाही. अडचण येते आणि त्यातून निभावून जातं. आत्याच्या ‘नशीब काढणार’चा अर्थ मी असाच लावीन.

‘सहावा पडला’ ऐकून मात्र खचू नका. गुरूची दृष्टी स्वतःपासून पाचव्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर असते. कर्केपासून नववी मीन, म्हणजे त्याचीच रास, आणि कुंभ लग्नाला ती दुसऱ्या स्थानी येते. वाणी, कुटुंब आणि साठवलेला पैसा यांना त्यामुळे आधार मिळतो. तरी धन आणि लाभ या दोन्ही स्थानांचा मालक सहाव्यात बसलाय, तेव्हा पैसा कष्टानंच येणार आणि कर्ज जपून काढावं, हेही सांगायला हवं.

लग्नाच्या बैठकीत निघणारं ‘गुरुबळ’ वेगळं. ते आजच्या फिरत्या गुरूचं, जन्मराशीपासून मोजलेलं. त्यावरून जन्माच्या गुरूबद्दल काही ठरवू नये.

गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो. त्यामुळे भाचीच्या आगेमागे जन्मलेल्या बहुतेक पोरांचा गुरू उच्चीचाच निघेल. लग्न मात्र साधारण दोन तासांनी बदलतं. ती दोन तास उशिरा जन्मली असती तर मीन लग्न येऊन हाच गुरू पाचवा, विद्येच्या स्थानी, झाला असता. म्हणून जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरची आहे की "दिवस मावळता मावळता" अशी आठवणीतली, तेवढं आधी विचारून घ्या. वेळ अंदाजाची असेल तर ‘उच्चीचा’ टिकेल, ‘सहावा’ची खात्री नाही.