प्रीपेड खर्च, म्हणजे आधीच भरलेला पण पुढच्या वर्षाचा खर्च, बाजूला काढला की नफा वाढतो आणि करही वाढतो. मग वर्षअखेरीच्या या नोंदी केल्याच नाहीत तर काय बिघडतं?

प्रीपेडने कर वाढतो, खरंय. आउटस्टँडिंगने, म्हणजे या वर्षाचा पण अजून न भरलेला खर्च धरल्याने, तो कमी होतो, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नसते. माझ्या जुन्या मालकांचीही नव्हती.

त्यांच्याकडे हिशेब लिहायचो तेव्हा वर्ष संपायला तीन महिने उरले असताना वर्षभराच्या विम्याचा हप्ता भरला, २४,०००. मी तीन महिन्यांचे ६,००० खर्चात ठेवले आणि उरलेल्या १८,०००ची नोंद टाकली: प्रीपेड विमा नावे, विमा खर्च जमा. मालक भडकले. "पैसे गेले ना? मग खर्च अर्धवट का दाखवतोस?" त्याच दिवशी शेवटच्या महिन्याचं न भरलेलं वीजबिल, ७,०००, मी वीज खर्च नावे आणि आउटस्टँडिंग जमा केलं होतं. ते त्यांना बिनबोभाट चाललं. तिथे तर पैसे गेलेही नव्हते!

आता आकडे बघा. नोंदींआधी नफा २,००,०००. प्रीपेडचे १८,००० वाढले, आउटस्टँडिंगचे ७,००० गेले, नफा २,११,०००. कराचा दर ३० टक्के धरला तर कर ३,३०० ने जास्त. पण नव्या वर्षात ते १८,००० विमा खर्चात येतात आणि जुनं वीजबिल खर्चात येत नाही. म्हणजे दर तोच असेल तर तेवढेच ३,३०० पुढच्या वर्षी वाचतात. कर पुढेमागे झाला, बुडाला नाही. हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं, तरी "तू माझा कर वाढवलास" हे पालुपद सुटलं नाही.

खरं नुकसान वेगळीकडे होतं. प्रीपेड पुढच्या वर्षी खर्चात वळवायचं राहिलं, तर त्या १८,०००ची वजावट कुठल्याच वर्षात मिळत नाही. उलट मी सोडल्यावर तिथे जो आला, त्याने जुनं वीजबिल भरताना आउटस्टँडिंग नावे न टाकता पुन्हा वीज खर्चातच टाकलं. खर्च दोनदा लागला, नफा ७,००० ने कमी दिसला. ओळखायला सोपं आहे: वीज खात्यात बारा महिन्यांऐवजी तेरा महिन्यांची बिलं, आणि आउटस्टँडिंग खात्यात तेच ७,००० वर्षभर जागचे हललेले नाहीत. ऑडिटरने नेमकं तेच पकडलं.

तेव्हा नोंदी करा, आणि केल्या तर दोन्ही करा. सोयीची तेवढी ठेवायची याला हिशेब म्हणत नाहीत.

हो, तुमचा कर रोखीच्या पद्धतीने ठरत असेल तर हा सगळा भाग लागू नाही. शिवाय काही खर्च कर कायद्यात प्रत्यक्ष भरल्यावरच वजा मिळतात, काही ठिकाणी थोड्या मुदतीचा प्रीपेड त्याच वर्षी चालतो. असा फरक करपात्र नफा काढताना वेगळा दाखवायचा, त्यासाठी वहीतली नोंद खोडायची नाही.