पॉकेल्स सेल: घट म्हणावं का, आणि तो प्रकाश ‘अडवतो’ का?

प्रश्न: लेसरवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. ‘पॉकेल्स सेल’साठी ‘पॉकेल घट’ असा शब्द योजला आहे. पहिलं वाक्य असं झालंय: ‘अर्धतरंग व्होल्टेज दिल्यावर हा घट प्रकाश अडवतो.’ शब्द आणि वाक्य दोन्ही चालतील का?

आधी नावातला ‘स’. तो इंग्रजी षष्ठीचा नाही, आडनावातलाच आहे. फ्रीडरिख पॉकेल्स हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. विद्युतक्षेत्रामुळे स्फटिकाच्या प्रकाशीय गुणधर्मात होणारा हा बदल त्यांनी 1893 मध्ये अभ्यासला. (पृष्ठताणावरच्या प्रयोगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आग्नेस पॉकेल्स या त्यांच्या थोरल्या बहीण.) त्यामुळे ‘पॉकेलचा परिणाम’ चूक आणि ‘पॉकेल्सचा परिणाम’ बरोबर. याच्याआधीच्या केर सेल या उपकरणाच्या बाबतीत उलटी चूक होते. तिथे ‘स’ नाहीच, तरी ‘केर्स सेल’ लिहिलेलं दिसतं.

आता ‘घट’. गंमत अशी की हा शब्द एक पिढी आधीच्या उपकरणाला चपखल बसला असता. जॉन केर यांनी 1875 मध्ये जो परिणाम शोधला, त्यावर बेतलेला केर सेल म्हणजे खरोखरच एक भांडं असे: काचेची कुपी, आत नायट्रोबेंझीनसारखा द्रव आणि त्यात बुडवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या. पॉकेल्स सेलमध्ये द्रवाची जागा स्फटिकाने घेतली, पण ‘सेल’ हे नाव तसंच पुढे चालत आलं. मराठी वाचकाला मात्र ‘घट’ म्हटलं की विद्युत घट किंवा सौर घट आठवतो, म्हणजे वीज देणारी वस्तू. हे उपकरण वीज देत नाही, स्वतःच काही हजार व्होल्ट मागतं. ‘पेशी’ आणि ‘कोठडी’ तर विचारातच नकोत. माझं मत असं की ‘पॉकेल्स सेल’ हेच ठेवावं, सेल पुल्लिंगी मानावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘व्होल्टेजने प्रकाशाचं ध्रुवण बदलणारा स्फटिक’ एवढी ओळख जोडावी.

खरी अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. पॉकेल्स सेल प्रकाश अडवत नाही. स्फटिक आधीही पारदर्शक असतो आणि व्होल्टेज दिल्यावरही पारदर्शकच राहतो. व्होल्टेजमुळे त्यात दोन काटकोनी अक्ष तयार होतात आणि त्या दोन दिशांनी कंप पावणाऱ्या प्रकाशाचा वेग थोडा वेगळा होतो. आत येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, या अक्षांशी 45 अंशांत असेल, तर त्याचे दोन सारखे घटक पडतात आणि बाहेर पडेपर्यंत त्यांतला एक मागे पडतो. तो अर्ध्या तरंगलांबीने मागे पडला, की ध्रुवण नेमकं 90 अंशांनी फिरतं. त्यासाठी लागणारं व्होल्टेज ते अर्धतरंग व्होल्टेज. इलेक्ट्रॉनिक्सच्या वाचकाला ‘अर्धतरंग’ म्हणताच रेक्टिफायर आठवेल, म्हणून हा तरंग प्रकाशाचा आहे हे एकदा सांगून टाकलेलं बरं. 1064 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी तो फरक 532 नॅनोमीटरचा. प्रकाशाचा रंग बदलला की हे व्होल्टेजही बदलतं.

‘ध्रुवण फिरवतो’ हेही फक्त याच व्होल्टेजला काटेकोरपणे खरं आहे. निम्म्या व्होल्टेजला बाहेरचा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित असतो आणि अधल्यामधल्या व्होल्टेजला लंबवर्तुळाकार. सर्वसाधारण विधान करायचं असेल तर ‘ध्रुवण बदलतो’ हे सुरक्षित.

अडवण्याचं काम पुढचा ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा भाग, करतो, आणि इथेच तुमचं वाक्य उलटं पडू शकतं. सेलच्या दोन बाजूंचे ध्रुवक एकमेकांना काटकोनात असतील, तर व्होल्टेज नसताना अंधार आणि दिल्यावर उजेड. ते समांतर असतील, तर व्होल्टेज दिल्यावर अंधार. काटकोनी रचनेत पलीकडे जाणारा अंश असा:

T = sin²(90° × V / V½)

इथे V½ म्हणजे अर्धतरंग व्होल्टेज. ड्युटेरियमयुक्त पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा स्फटिक घेतला आणि विद्युतक्षेत्र प्रकाशाच्याच दिशेने लावलं, तर 1064 नॅनोमीटरला V½ साधारण 6000 व्होल्ट येतं. या रचनेत स्फटिकाची लांबी वाढवून व्होल्टेज कमी होत नाही, कारण लांबी वाढते त्याच प्रमाणात क्षेत्र क्षीण होतं. समजा 6000 ऐवजी 5400 व्होल्टच पोचले. मग T येतो sin² 81°, म्हणजे सुमारे 0.976. उजेडाच्या बाजूने ही तूट जाणवतही नाही. समांतर रचनेत मात्र तेच 2.4 टक्के अंधारात गळतात, आणि गळती तिथेच नडते.

तुमचा लेख लेसरचा आहे, तेव्हा त्यात बहुधा क्यू-स्विच असेल, म्हणजे लेसरची ऊर्जा आधी साठू देऊन मग एकदम सोडणारी रचना. तिथे दोन नव्हे, एकच ध्रुवक असतो: ध्रुवक, मग सेल, मग मागचा आरसा. प्रकाश सेलमधून जाताना आणि परतताना असा दोनदा जातो, म्हणून निम्मं व्होल्टेज पुरतं, सुमारे 3000 व्होल्ट. त्याला पावतरंग व्होल्टेज म्हणता येईल. ते लावलेलं असताना परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण 90 अंशांनी फिरलेलं असतं, ध्रुवक त्याला बाजूला काढून टाकतो आणि लेसर पेटत नाही. तेवढ्यात निओडिमियम-यागच्या कांडीत ऊर्जा साठते. तिथल्या उत्तेजित अणूंचा आयुःकाल सुमारे 230 मायक्रोसेकंदांचा आहे. मग व्होल्टेज काही नॅनोसेकंदांत शून्यावर आणलं की वाट मोकळी होते आणि साठलेली ऊर्जा एका छोट्या स्पंदात बाहेर पडते. म्हणजे सेल ‘बंद’ होतो तेव्हा लेसर ‘चालू’ होतो! काही रचनांत मार्गात कायमची पावतरंग पट्टी बसवतात. तिथे हिशेब उलटा: व्होल्टेज दिल्यावर वाट उघडते, आणि स्फटिकावर उच्च व्होल्टेज क्षणभरच राहतं. मूळ लेखातली आकृती पाहिल्याशिवाय ‘चालू’ आणि ‘बंद’ हे शब्द वापरूच नका. ‘व्होल्टेज लावलं’, ‘व्होल्टेज काढलं’ असं लिहा.

लेखात पुढे ‘क्रॉस’ हा शब्द आला, तर तो ध्रुवकांचा की चित्रातला, हेही तपासा. सेल जुळवताना व्होल्टेज न देता तो काटकोनी ध्रुवकांमध्ये ठेवतात आणि आधी पातळ टिश्यू धरून किरण पसरवतात. पडद्यावर काळी फुली आणि तिच्याभोवती वलयं दिसतात. टिश्यू काढल्यावर किरणाचा ठिपका फुलीच्या मधोमध पडला, तर स्फटिकाचा अक्ष किरणाशी जुळला. ठिपका बाजूला पडला तर सेल तिरका आहे, आणि तो तिरकेपणा व्होल्टेज वाढवून भरून निघत नाही. इथे ‘काळी फुली’ हाच शब्द सरळ आहे.

तुमचं वाक्य, पहिल्या क्यू-स्विच रचनेसाठी: ‘पावतरंग व्होल्टेज लावलेलं असताना पॉकेल्स सेल परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण 90 अंशांनी फिरवतो आणि ध्रुवक तो प्रकाश मार्गाबाहेर काढतो.’ लेखात खरंच ‘अर्धतरंग’ असेल, तर प्रकाश सेलमधून एकदाच जातो का ते आकृतीत पाहा आणि ‘परतणाऱ्या’ हा शब्द गाळा.