अंगावर काढलेले अकरा दिवस

प्रश्न: "वय २६, लग्नाला आठ महिने झाले. चार दिवस ओटीपोटात दुखतंय, रात्री १०१ ताप येतो, अंगावरून पिवळसर पांढरं जातंय. डॉक्टरांनी यूरिन इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्यात, सोनोग्राफी नॉर्मल आहे. थांबून बघू का? याने पुढे मूल व्हायला अडचण येते का? ऐरोलीला राहते."

थांबू नकोस. उद्या सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि आतून तपासून घे. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण 'यूरिन इन्फेक्शन' आणि 'सोनोग्राफी नॉर्मल' एकापाठोपाठ वाचलं आणि मला गप्प बसवेना. एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

मी नर्स आहे. ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलात निम्मं आयुष्य गेलं. २०१३ च्या जुलैत मी २७ वर्षांची होते, ऑर्थोच्या वॉर्डात नाइट ड्यूटी, राहायला कळव्याला. पाळी संपून तीन दिवस झाले आणि ओटीपोट दोन्हीकडून दुखायला लागलं. कळ नाही, जडसं, बोथट. पाळीनंतरच का, ते मला फार नंतर समजलं. गर्भाशयाच्या तोंडाशी एरवी घट्ट चिकट स्राव बुचासारखा बसलेला असतो. पाळीत तो सैल होतो आणि खाली मुक्काम करून असलेले जंतू वर चढतात, आधी गर्भाशयात, मग नळ्यांत. हेच ते पीआयडी, म्हणजे गर्भाशय आणि नळ्यांना जंतूंमुळे आलेली सूज.

तिसऱ्या रात्री ताप आला. वॉर्डातल्याच थर्मामीटरने बघितला, १००.८. पॅरासिटामॉल घेतली आणि पेशंटांची ड्रेसिंगं करत राहिले. पांढरं जात होतं त्याला वास होता. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झालीय, सब्जा भिजवून पी. प्यायले. नर्स असून प्यायले.

पाचव्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. लघवीच्या रिपोर्टात पस सेल्स दहा-बारा आले. झालं, शिक्का बसला. आता हे नीट वाच, कारण तुझंही बहुतेक असंच झालं असणार. अंगावरून पांढरं जात असताना बाटलीत लघवी धरली की ते पांढरंही त्यात उतरतं, आणि त्यातल्या पेशी पस सेल्स म्हणून मोजल्या जातात. मला जळजळ नव्हती, सारखं जावं लागत नव्हतं. ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ताप थोडा उतरला, दुखणं तसंच. मग सोनो. 'नॉर्मल, खाली किंचित पाणी.' तो कागद मी देवघरात ठेवावा इतक्या विश्वासाने जपला. सोनोत नळी दिसते ती पू-पाण्याने फुगल्यावर. नुसती सुजलेली नळी बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणजे नॉर्मल सोनोने गाठ झालेली नाही एवढंच कळतं, पीआयडी नाही असं ठरत नाही.

अकराव्या दिवशी ड्यूटीवरून रिक्षाने घरी येत होते. कळव्याच्या पुलाआधी रिक्षा खड्ड्यात आदळली आणि पोटात असं काही झालं की मी रिक्षावाल्याचा खांदा धरला. तो म्हणाला, ताई, हॉस्पिटलला घेऊ का? घरी न जाता नौपाड्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. ताप १०२.५.

त्यांनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली. ओटीपोट दुखणाऱ्या बाईला नळीत गर्भ राहिलेला नाही ना, हे पहिल्यांदा बघायचं असतं. मग आतून तपासलं. दोन बोटांनी गर्भाशयाचं तोंड नुसतं एका बाजूला हलवलं आणि मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नख मोडलं. बाई म्हणाल्या, "हीच तपासणी. अकरा दिवसांत कुणी केली नाही का?" दोन मिनिटांची, बिनपैशाची गोष्ट. ओटीपोटात दुखतंय आणि आतून हात लावल्यावर गर्भाशय किंवा त्याचं तोंड किंवा बाजूला नळ्यांशी दुखतंय, एवढ्यावर औषध सुरू करायचं असतं. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. बहुतेक ठिकाणी आपण उलटं करतो, आधी सगळे रिपोर्ट आणि मग वेळ उरला तर तपासणी.

पुन्हा सोनो केला. डावीकडे नळी आणि बीजकोश मिळून पाच सेंटीमीटरची पुवाची गाठ. आधीच्या सोनोत ती नव्हती. अॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. ऑपरेशन टळलं. चार दिवसांनी घरी सोडलं आणि बाकीचे दिवस डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, मेट्रोनिडाझोल दोनदा, असे एकूण चौदा दिवस पुरे केले. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून भाजते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि बायका तिथेच गोळ्या सोडतात. सोडू नकोस.

मूल व्हायला अडचण येते का? येऊ शकते, आणि का ते सांगते. नळी म्हणजे नुसता पाइप नाही. आतून तिला मऊ घड्या असतात आणि त्यांवर बारीक केसांसारखे धागे, जे एका दिशेने हलत बीज पुढे सरकवतात. पुवाने ते झडतात. घड्या एकमेकींना चिकटतात. टोकाला झालर असते, ती मिटून मुठीसारखी बंद होते. औषध जंतू मारतं, पण पडलेला वण पुसत नाही. म्हणून दिवस मोजायचे. नळी पूर्ण बंद झाली तर बीज आणि शुक्रजंतू भेटत नाहीत. अर्धवट खराब झाली तर ते भेटतात, गर्भ वाटेत अडकतो आणि नळीतच वाढतो, जे जास्त धोक्याचं. स्वीडनमधल्या लुंड गावी अशा बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. १९९२ मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांत नळीमुळे मूल न होण्याचं प्रमाण एकदा आजार झालेल्यांत ८ टक्के, दोनदा झालेल्यांत जवळपास २०, तीनदा किंवा जास्त झालेल्यांत ४०. त्याच बायकांपैकी ज्यांनी तीन दिवस किंवा जास्त अंगावर काढलं, त्यांना मूल न होण्याचा किंवा गर्भ नळीत राहण्याचा धोका लवकर गेलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. तू चौथ्या दिवशी विचारते आहेस, म्हणून हा एवढा आटापिटा.

वरचं 'दोनदा' वाचलंस ना? आता माझ्या घरातलं.

डिस्चार्जच्या वेळी बाईंनी नवऱ्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी दिली. जोडीदाराला त्रास नसला तरी औषध, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नाही. नवरा म्हणाला, "मला काही होत नाही, मी कशाला गोळ्या खाऊ?" औषध आणलं, एवढं खरं. पाच महिन्यांनी मला पुन्हा तसंच दुखायला लागलं. या वेळी दुसऱ्याच दिवशी गेले. घरी परत येऊन नेलकटर शोधताना टीव्हीखालच्या खणात त्याच्या डॉक्सीच्या पट्ट्या सापडल्या. एकही कॅप्सूल फोडलेली नव्हती. त्या रात्री जे भांडण झालं ते आजतागायत पुरतं मिटलेलं नाही.

२०१५ मध्ये नळ्यांचा एक्स-रे काढला, एचएसजी. उजव्या नळीतून डाय कसाबसा बाहेर पडला. डावी टोकाला बंद, पाण्याने फुगलेली. अशा नळीतलं पाणी गर्भाशयात उलटं झिरपतं आणि टेस्ट ट्यूबचा गर्भही नीट रुजत नाही, यशाची शक्यता निम्म्यावर येते. म्हणून आधी दुर्बिणीतून ती नळी काढली, मग आयव्हीएफ. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. खर्चाचं विचारू नकोस, डोंबिवलीच्या फ्लॅटसाठी ठेवलेलं सगळं गेलं.

आणि या सगळ्यात नणंद म्हणाली, "नर्स आहे, तिथूनच काहीतरी आणलं असेल." नवरा म्हणाला, "तू नर्स, तुला कळायला नको?" दुसरं खरं आहे, ते मी खाली मान घालून ऐकते. पहिल्याला उत्तर आहे, तेव्हा सुचलं नव्हतं, आता देते. क्लॅमिडिया हा संबंधांतून पसरणारा जंतू बाईत किंवा पुरुषात काहीही न दाखवता महिनोन्महिने राहू शकतो. शिवाय कितीतरी पीआयडीत गुप्तरोगाचा एकही जंतू सापडत नाही, योनीत एरवीही असणारे जंतूच वर चढलेले असतात. माझा स्वॅब अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घेतला आणि निगेटिव्ह आला. म्हणजे कुणी, कधी, कुठून, हे मला, नणंदेला किंवा तिच्या भावाला कधीच कळणार नाही. हे भांडण ज्या घरात सुरू होतं तिथे बाई दवाखान्यात जायला आणखी चार दिवस लावते. तुझ्याकडे सुरू झालं तर मध्येच उठून दवाखान्यात जा.

आता राहिलेलं. वर लिहिलेल्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणू नकोस. दिवस राहिले असतील तर डॉक्सी चालत नाही, आणि दुखणं अपेंडिक्सचंही असू शकतं. उलट्या होत असतील, ताप १०२ च्या वर गेला, किंवा औषध सुरू करून तीन दिवसांत उतार पडला नाही, तर अॅडमिट व्हावं लागेल. चक्कर आली किंवा खांद्यात दुखायला लागलं तर रात्रीसुद्धा थांबू नकोस, ते नळीत गर्भ राहून नळी फुटल्याचं लक्षण असू शकतं. तांबी किंवा क्युरेटिंग नुकतंच झालं असेल तर ते आधी सांग. आणि ताप बारीक असून महिनोन्महिने रेंगाळतोय, पाळी कमी होत चाललीय, असं असेल तर गर्भाशयाच्या टीबीची तपासणी मागून घे. आपल्याकडे तो नळ्या बंद करणारा दुसरा चोर आहे आणि त्याला ही औषधं लागू पडत नाहीत. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातलं गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक विचार. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी तिथे पिवळ्या रंगाचं किट फुकट मिळतं, सेफिक्सिमचा एक डोस आणि चौदा दिवसांच्या डॉक्सी-मेट्रो. पहिल्याच वेळी लवकर औषध मिळालं तर बहुतेकींना पुढे मूल होतं, हेही त्याच लुंडच्या आकड्यांत आहे. माझं वाचून घाबरून जाऊ नकोस, माझे अकरा दिवस होते आणि वर एक न फोडलेली पट्टी.

जळजळ होत नसेल तर डॉक्टरांना तोंडाने सांग, "लघवीला जळजळ नाही, आतून तपासा." आणि नवऱ्याची चिठ्ठी घेतलीस तर त्याची पहिली गोळी तुझ्यासमोर घ्यायला लाव.