प्लंबिंगच्या दुकानात मालाला कोड कसे द्यावेत?

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावी प्लंबिंग-हार्डवेअरचं दुकान आहे. पाच-सहाशे आयटम असतील. बिलात साइजची गडबड होते, स्टॉक कधीच जुळत नाही. मालाला कोड द्यायचे म्हणतोय. कसे द्यावेत? बारकोड लागतोच का?

उत्तर:

माझं दुकानही याच धंद्यातलं, म्हणून फिटिंग्जचंच सांगतो.

आधी तुमची गडबड नेमकी कुठे होते ते बघा. आमच्याकडे एका मोजणीत सीपीव्हीसीचे २५ एमएमचे एल्बो कॉम्प्युटरमध्ये ८२ होते आणि कप्प्यात ६० निघाले. पोरानं माल ढापला असेल असं पहिल्यांदा मनात आलंच, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्याच कप्प्यात २० एमएमचे एल्बो ११८ असायला हवे होते, ते १४० निघाले. इकडे २२ कमी, तिकडे २२ जास्त. म्हणजे चोरी नव्हती. दिला एक इंचीचा एल्बो आणि बिलात लागला पाऊण इंचीचा, एवढंच झालं होतं, आणि त्यात दर नगामागचा फरक आमच्या खिशातून गेला. असा फरक जोडीनं आला की समजायचं, चूक बिलिंगची आहे.

चुकीचं मूळ नावात होतं. प्लंबर येऊन म्हणतो ‘पाऊणचे दहा एल्बो द्या’. पिशवीवर छापलेलं असतं २० एमएम. आणि आमच्या यादीत कुणी लिहिलं होतं ‘एल्बो सीपीव्हीसी ३/४’, तर कुणी ‘सीपीव्हीसी एल्बो २०’. नाव टाइप करायला लागलं की खाली एकसारख्या सात-आठ ओळी उघडतात, गिऱ्हाइकं उभी असतात, आणि घाईत वरखालच्या ओळीवर एंटर दाबला जातो.

म्हणून मी कोड तीनच भागांचा ठेवला: मटेरियल, आकार आणि एमएममधलं माप.

```
CL20    सीपीव्हीसी एल्बो, पाऊण इंची
CL25    सीपीव्हीसी एल्बो, एक इंची
UT20    यूपीव्हीसी टी, पाऊण इंची
CK15    सीपीव्हीसी कपलर, अर्धा इंची
CR2520  सीपीव्हीसी रिड्यूसर, एक बाय पाऊण
```

एल्बोला मी आधी E दिला होता, कारण स्पेलिंग तसं आहे. पण काउंटरवरचा मुलगा प्रत्येक वेळी L मारायचा. त्याला कानाला ‘एल’ ऐकू येतं ना! दोन दिवस त्याच्यावर ओरडलो, मग मीच कोड बदलला. कोड स्पेलिंगला नाही, कानाला जुळला पाहिजे. रिड्यूसरमध्ये मोठं माप नेहमी आधी, नाहीतर CR2520 आणि CR2025 असे एकाच मालाचे दोन कोड तयार होतात. O आणि I ही अक्षरं मात्र वापरूच नका, कारण ती शून्य आणि एक वाटतात.

सुरुवात अक्षरानंच करा. नुसते आकडे ठेवले आणि यादी एक्सेलमध्ये नेली की 0020 चं 20 होतं. 3-4 असं काही टाकलं तर एक्सेल त्याची तारीख करून बसतं, आणि ते लक्षात येईपर्यंत निम्मी यादी बिघडलेली असते.

कोडात दर घालू नका, सप्लायरचं नाव घालू नका. दर दोन महिन्यांनी बदलेल, सप्लायर वर्षानं. (जुने कापडवाले चिठ्ठीवर खरेदीचा भाव गुप्त अक्षरांत लिहायचे, पण ती चिठ्ठी त्या एका नगाची असायची. तुमचा कोड वर्षानुवर्षं चालायचाय.) ब्रँडचं मात्र बघा. गिऱ्हाईक नाव घेऊन मागत असेल आणि दोघांचे दर वेगळे असतील तर शेवटी एक अक्षर जोडा, CL20A, CL20B असं. बंद झालेल्या मालाचा कोड दुसऱ्या मालाला कधीच देऊ नका. जुनी बिलं परतीला येतात तेव्हा डोकं फिरतं.

नळ, कॉक, शॉवर यांना ही पद्धत चालत नाही, कारण त्यांचा फरक मापात नसतो, मॉडेलमध्ये असतो. त्यांना मी सरळ N001, N002 असे चढते नंबर दिले. त्यात अर्थ शोधायचा नाही.

आता बारकोड. नळासारख्या खोक्यातल्या मालावर कंपनीचा १३ आकडी बारकोड बहुतेक वेळा छापलेला असतो, तोच सॉफ्टवेअरमध्ये त्या आयटमला जोडा. पण आठ-दहा रुपयांच्या एल्बोवर एकेक लेबल चिकटवत बसणं म्हणजे वेडेपणा. लेबल कप्प्याला लावा, मालाला नाही. आणि काउंटरवर एक फाइल ठेवा: दर पानावर वीसेक आयटम, शेजारी त्यांचा बारकोड. प्लंबरनं दहा एल्बो घेतले की फाइलमधली ती ओळ स्कॅन करायची आणि नग टाकायचे. यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच वाटतो, तो कोड टाइप करून बहुधा एंटरही मारतो, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही.

ती फाइल छापायला ‘कोड ३९’ चा फुकट मिळणारा फॉन्ट पुरतो. त्यात कोडच्या दोन्ही बाजूंना तारा लागतो. तो नसला तर रेघा दिसतात, पण स्कॅनर ढिम्म हलत नाही. कोड A2 मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात हे टाका आणि त्या रकान्याला तो फॉन्ट द्या:

```
="*"&A2&"*"
```

रेघांच्या डावी-उजवीकडे कोरी जागा सोडा. आम्ही पहिल्यांदा पट्ट्या अगदी कडेला कापल्या आणि अर्ध्या वाचल्याच जात नव्हत्या. दुसरी गोष्ट, रिबन न लागणाऱ्या थर्मल प्रिंटरची लेबलं उन्हात आणि उष्णतेत खराब होतात. दारासमोरच्या कप्प्यांसाठी साध्या लेझर प्रिंटरवर छापून लॅमिनेट करा. चमक आडवी आली तर स्कॅनर जरा तिरका धरायचा.

कोडानं सगळं सुटेल असं मात्र नाही. CL20 आणि CL25 मध्ये एकाच बोटाचा फरक आहे, चूक होऊ शकते. म्हणून आमच्याकडे कोड टाकल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते मोठ्यानं वाचायचं: ‘पाऊणचे एल्बो, दहा’. समोरचा प्लंबरच मग सांगतो, अहो, मी एकचे म्हणालो. आणि माल भरताना पन्नासची पिशवी ‘एक’ म्हणून चढली तर त्याला कुठलाच कोड वाचवत नाही. खरेदीतही एकक नगच ठेवा.

मोजणीला बसणाऱ्याच्या हातात कॉम्प्युटरचा आकडा देऊ नका. त्याला फक्त कोड आणि रिकामा रकाना असलेला कागद द्या. आकडा समोर दिसला की माणूस तेवढाच मोजतो.

एकदम सहाशे आयटमना हात घालू नका. सीपीव्हीसीचा एक रॅक घ्या, कोड द्या, कप्प्यांना पट्ट्या लावा, नग मोजून चढवा. पंधरा दिवसांनी तोच रॅक पुन्हा मोजा. फरक शेजारशेजारच्या मापांत जोडीनं आला तर बिलिंगवर लक्ष द्या. एकाच कोडात, पन्नासच्या पिशवीमागे नेमके ४९ नग जास्त निघाले तर माल भरतानाची नोंद तपासा.