निनावी अर्ज, ऐकीव साक्ष आणि न दाखवलेला अहवाल

"मी सोलापुरात सरकारी कार्यालयात लिपिक आहे. दाखल्यासाठी पैसे घेतो असा निनावी अर्ज गेला आणि मला दोषारोपपत्र आलं. साक्षीदार फक्त 'ऐकलंय' म्हणतो, आणि एक अहवाल गोपनीय म्हणून दाखवतच नाहीत. एवढ्यावर नोकरी जाईल का?"

अर्ज कोणी लिहिला, हे शोधायचं आधी थांबवायला सांगितलं. गृहस्थ सहकाऱ्यांची अक्षरं ताडून पाहत होते आणि लेखी उत्तराची मुदत सरत होती. निनावी अर्जावरून चौकशी सुरू होऊ शकते. पण लिहिणाराच समोर नसल्याने त्यातला मजकूर सिद्ध झाला असं त्या कागदावरून म्हणता येत नाही.

मग दोषारोपपत्राची जोडपत्रं उघडली. कागदपत्रांच्या यादीत प्राथमिक चौकशीतला टपरीवाल्याचा जबाब होता, साक्षीदारांच्या यादीत मात्र तो नव्हता. खरी फट इथेच होती. पाठीमागे घेतलेला जबाब वापरायचा तर त्याची प्रत द्यावी लागते आणि जबाब देणाऱ्याची उलटतपासणी करू द्यावी लागते. तसा लेखी अर्ज चौकशी अधिकाऱ्यांकडे दिला. टपरीवाला आला. प्रश्न तीनच ठेवले होते: पैसे देताना तुम्ही पाहिलं का? कोणाकडून ऐकलं? त्याचं नाव काय? "गिऱ्हाईकं बोलत होती," एवढंच उत्तर मिळालं, नाव नाही. तिथेच थांबायचं. चौथा प्रश्न विचारला की साक्षीदाराला सावरायची संधी मिळते. उत्तर रोजनाम्यात शब्दशः आलंय ना, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.

मात्र "ऐकीव पुरावा चालतच नाही" असं उत्तरात लिहू नका. विभागीय चौकशीला पुरावा कायद्याची काटेकोर बंधनं नाहीत. हरियाणाच्या एका बस वाहकाच्या प्रकरणात (रतन सिंग, 1977) प्रवाशांना साक्षीला बोलावलं नव्हतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. तिथे प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या निरीक्षकाची साक्ष होती. तुमच्या प्रकरणात असं स्वतः पाहणारं कोणी आहे का, हे तपासा. असेल, तर अख्खा बचाव बदलतो.

गोपनीय अहवालासाठी दोषारोपपत्रातला नेमका उल्लेख देऊन प्रत मागितली. ती देता येत नसेल तर नावं झाकून उतारा द्या, किंवा अहवालावर विसंबणार नाही असं लेखी कळवा, असंही त्याच अर्जात मागितलं. स्टेट बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात (अगरवाल, 1993) दक्षता आयोगाची शिफारस त्यांना न दाखवता शिक्षेसाठी वापरली गेली होती. तो आदेश टिकला नाही. तुमच्या अर्जाची पोच जपून ठेवा. "कधी मागितलंच नव्हतं" हे पुढचं ठरलेलं उत्तर असतं.

चौकशी अहवालाची प्रत हाती आली की निष्कर्षाच्या ओळींत तो गोपनीय कागद डोकावतोय का, ते शोधा. सापडला तर अहवालावरच्या निवेदनात पान क्रमांकासह लिहा, आणि तो दाखवला असता तर तुम्ही काय खोडून काढलं असतं, तेही सांगा. कागद मिळाला नाही म्हणून नेमकं काय नुकसान झालं, हे न्यायालय विचारतंच.