पास-नापासची रेघ कुठे मारायची? ७० की ७५?

प्रश्न: कुडाळच्या आसपासच्या गावांतली गाऱ्हाणी आणि ओव्या आम्ही रेकॉर्ड करतोय. प्रत्येक क्लिप दोघंजण वेगवेगळी टाईप करतात, कॉम्प्युटर दोन्ही मजकूर किती टक्के जुळले ते सांगतो आणि ७० च्या वर असेल तर पास. आमच्या गुरुजींनी जुन्या ४०० क्लिप ऐकून ३०० बरोबर आणि १०० चुकीच्या असा शिक्का दिलाय. ७० ला २२ चुकीच्या पास होतात आणि २१ बरोबर नापास, ७५ ला १४ आणि ३६, ८० ला ९ आणि ६६. नक्की कुठला कटऑफ धरू?

उत्तर: आधी टक्के बाजूला ठेवा आणि प्रत्येक चुकीची किंमत काढा, नाहीतर नुसतं "२२ जास्त की २१ जास्त" हेच बघत बसाल. बरोबर क्लिप नापास झाली तर काय होतं? ती गुरुजींकडे जाते, ते दहा मिनिटं ऐकतात आणि पास करून टाकतात. चुकीची पास झाली तर ती संग्रहात जाऊन बसते, मग कधीतरी कोणाच्या तरी लक्षात येतं, मूळ रेकॉर्डिंग शोधा, परत ऐका, सगळीकडे दुरुस्त करा, समजा अर्धा तास. म्हणजे एक चुकीची क्लिप पास होणं हे तीन बरोबर क्लिप नापास होण्याइतकं महाग.

आता हिशोब सोपा आहे, चुकीच्या पासना ३ ने गुणा आणि नापास मिळवा. ७० ला ६६ अधिक २१ म्हणजे ८७, ७५ ला ४२ अधिक ३६ म्हणजे ७८, ८० ला २७ अधिक ६६ म्हणजे ९३. ७५ जिंकला.

पण तीन हा आकडा मी अंदाजाने धरलाय, तुमचा वेगळा असेल, म्हणून उलटं बघा. ७० वरून ७५ वर गेलात तर ८ चुकीच्या अडतात आणि १५ बरोबर जास्त अडकतात, म्हणजे चुकीचं पास साधारण दुपटीहून महाग असेल तरच हे परवडतं. ७५ वरून ८० ला फक्त ५ अडतात आणि ३० अडकतात, तिथे सहापट महाग असायला हवं. म्हणजे तुमची किंमत दोन ते सहा पटींत कुठेही असली तरी ७५ च येतो, तीन की चार यावरून मिटिंगमध्ये वाद घालायची गरजच नाही.

खरी गोम पुढे आहे. ते ४०० गुरुजींकडे आले कसे? बहुतेक वेळा ज्यावर तक्रार येते तेच ऐकलं जातं, मग ढिगात चुकीच्या जास्त भरतात. तुमच्याकडे चारात एक चुकीची दिसतेय, रोज येणाऱ्या क्लिपांत समजा दहात एकच असेल तर? हजार क्लिप धरा, ९०० बरोबर, १०० चुकीच्या. ७० ला बरोबरपैकी ७ टक्के अडकतात म्हणजे ६३, त्यात ६६ मिळवले की १२९. ७५ ला १२ टक्के म्हणजे १०८ अधिक ४२, झाले १५०. आता ७० जिंकला! किंमत तीच, तक्ता तोच, फक्त चुकीच्यांचं प्रमाण बदललं. म्हणून नव्या आलेल्यांतल्या शंभरेक क्लिप जुळणीचे मार्क न बघता चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचला आणि गुरुजींना मार्क न सांगता ऐकायला द्या, मार्क दिसला की कान आपोआप तिकडे झुकतो. नुसत्या पास झालेल्यांतून उचलू नका हां, रेघेखाली किती चांगल्या अडकल्यात ते मग कधीच कळणार नाही.

आणि ७३ की ७४ असल्या बारकाव्यात शिरू नका. शंभरात १४ हा आकडा दुसऱ्या शंभर क्लिपांत ८ येईल नाहीतर २० सुद्धा येईल, एवढ्या नमुन्यात तेवढं इकडेतिकडे होतंच. ८० च्या वरही ज्या ९ चुकीच्या सुटतात त्या कटऑफने फारशा थांबणाऱ्या नाहीत, मला वाटतं त्यातल्या बऱ्याच अशा निघतील की दोघांनी तोच शब्द तसाच चुकीचा ऐकलाय, तिथे तिसरा कानच लागतो.

हे सगळं करण्याआधी एक बघा. 'गाऱ्हाणं' मधला तो आडवा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकात नुक्तावाला ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह, स्क्रीनवर दोन्ही सारखेच पण कॉम्प्युटरला वेगळे. 'खय' आणि 'खंय' चं पण तेच, मालवणीत दोन्ही लिहितात. असल्या फरकाचे मार्क कापले जात असतील तर चांगल्या क्लिप उगाच खाली पडतायत. जुळवणीआधी दोन्ही मजकूर एकाच रूपात आणा, मग त्या ४०० चे मार्क नव्याने काढा, शिक्के तेच राहतील. चुकीच्यांचे मार्कही थोडे वाढतील पण बरोबरच्यांचे जास्त वाढायला हवेत, तक्ता बदलेल आणि बहुतेक रेघ थोडी वर नेणं परवडेल. नाही वाढले तर दोष स्पेलिंगचा नव्हता, मग रेकॉर्डिंगचा आवाज तपासा.